चारपैकी एक स्रोत बंद पडला तर: अपूर्ण अहवाल कसा पाठवावा

प्रश्न: आमचा रोजचा अहवाल चार ठिकाणांहून माहिती घेतो: ऑर्डरींचा डेटाबेस, पेमेंट सेवेची एपीआय (परतावे तिथून येतात), गोदामाकडून येणारी सीएसव्ही फाइल आणि तक्रारींची प्रणाली. सकाळी सातला तो ईमेलने जातो. एखादं ठिकाण बंद असलं की स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि कुणालाच काही मिळत नाही. वरिष्ठ म्हणतात, जे आहे ते पाठवा आणि खाली एक टीप टाका. मला भीती वाटते की टीप कुणी वाचणार नाही आणि अर्धवट आकडेच खरे धरले जातील. काय करावं?

उत्तर:

तुमची भीती रास्त आहे आणि वरिष्ठांचं म्हणणंही चुकीचं नाही. पाठवायचं की नाही हा निर्णय अख्ख्या अहवालाचा समजला म्हणून दोघांचं जुळत नाही. खरं तर तो एकेका आकड्याचा निर्णय आहे. पेमेंट सेवा बंद असेल तर अहवालातले काही आकडे शंभर टक्के बरोबर असतात, काही काढताच येत नाहीत, आणि काही असे असतात की ते निघतात, दिसायला सरळ दिसतात, पण चुकीचे असतात. धोका फक्त या तिसऱ्या गटात आहे. तो गट ओळखून त्या जागा रिकाम्या ठेवल्या, तर बाकीचा अहवाल पाठवायला काहीच हरकत नाही. तळाला टीप टाकून मात्र हे काम होत नाही, ते का हे पुढे येईलच.

एक दिवस घेऊन पाहू. समजा १२ तारखेला १,२४० ऑर्डरी आल्या, ९४ परतावे झाले आणि ३१ तक्रारी नोंदल्या गेल्या. निव्वळ ऑर्डरी म्हणजे १,२४० वजा ९४, म्हणजे १,१४६. दर हजार निव्वळ ऑर्डरींमागे तक्रारी २७.१. आदल्या दिवशी निव्वळ ऑर्डरी १,१५० होत्या, म्हणजे जवळजवळ जैसे थे, ०.३ टक्क्यांची किरकोळ घट.

आता पेमेंट सेवा बंद आहे आणि स्क्रिप्टने परतावे शून्य धरले. निव्वळ ऑर्डरी १,२४०. तक्रारींचं प्रमाण २५.०. कालच्या तुलनेत ७.८ टक्के वाढ. एका न मिळालेल्या आकड्यामुळे तीन आकडे बिघडले, आणि तिन्ही सुधारणेच्या दिशेने. वाचणाऱ्याला खटकेल असं त्यात काहीच नाही. वाईट आकडा दिसला तर कुणीतरी फोन करून विचारतो, पण चांगला आकडा कुणी तपासत नाही. म्हणून वजा होणारी माहिती पुरवणारा स्रोत बंद पडणं हे सर्वांत घातक, आणि तुमच्याकडे पेमेंट सेवा नेमकी तशी आहे.

त्यामुळे कोड लिहिण्याआधी कागद घ्या. अहवालातला प्रत्येक आकडा डावीकडे लिहा आणि त्याच्यासमोर तो कोणकोणत्या स्रोतांवर उभा आहे ते लिहा. एकूण ऑर्डरी फक्त डेटाबेसवर. निव्वळ ऑर्डरी डेटाबेस आणि पेमेंट सेवेवर. तक्रारींची संख्या फक्त तक्रार प्रणालीवर, पण तक्रारींचं प्रमाण तिन्हींवर. इथे बहुतेकांच्या हातून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे काळ. "कालच्या तुलनेत" हा आकडा आजच्या स्रोतांवर आणि कालच्या स्रोतांवरही अवलंबून असतो. सात दिवसांची सरासरी सातही दिवसांवर असते. म्हणजे १२ तारखेचे परतावे अजून आले नसतील, तर १३ तारखेला सगळे स्रोत चालू असूनही निव्वळ ऑर्डरींची तुलना करता येत नाही. यादीत हे लिहिलेलं नसलं तर दुसऱ्या दिवशी अहवालावर "पूर्ण" असा शिक्का बसतो आणि आत चुकीची टक्केवारी असते.

ही यादी नंतर कोडमध्ये तशीच ठेवा: आकड्याचं नाव आणि त्याला लागणारे स्रोत. त्यातला एक जरी स्रोत नीट आला नसेल, तर तो आकडा काढायचाच नाही. हा नियम एकाच ठिकाणी असला की प्रत्येक सूत्रात वेगळी तपासणी लिहावी लागत नाही.

आता "नीट आला नसेल" म्हणजे नक्की काय, ते पाहू. स्रोत बंद असणं हा खरं तर सोपा प्रकार आहे, कारण तो निदान ओरडतो. अवघड असतात ते गप्प राहणारे. गोदामाची सीएसव्ही जागेवर आहे, उघडते, पण आतल्या नोंदी कालच्याच आहेत, कारण आजची फाइल आलीच नाही. अशा वेळी फाइलची वेळ पाहून फसायला होतं, कारण कुणी जुनीच फाइल पुन्हा कॉपी केली तरी वेळ ताजी दिसते. आतल्या तारखेच्या रकान्यातली सर्वांत मोठी तारीख पाहायची. दुसरा प्रकार म्हणजे फाइल अजून चढतेय आणि स्क्रिप्टने ती अर्धी असतानाच वाचली. यासाठी पाठवणाऱ्याला विनंती करा की फाइल पूर्ण झाल्यावर तिच्याच नावाची एक रिकामी `.done` फाइल ठेवा, आणि ती दिसल्याशिवाय वाचू नका. ते शक्य नसेल तर शेवटच्या ओळीत एकूण नोंदींची संख्या मागून घ्या.

तिसरा प्रकार एपीआयचा. परताव्यांची माहिती पानापानाने येते आणि सातव्या पानाला संपर्क तुटतो. हाती सहा पानं आहेत. ती वापरायचा मोह होतो, पण माझं मत स्पष्ट आहे: सहाही पानं टाकून द्या आणि स्रोत मिळाला नाही असंच धरा. शून्य परतावे दिसले तर एखाद्याला शंका तरी येईल. ९४ च्या जागी ६० दिसले तर कुणालाच येणार नाही.

चौथा प्रकार म्हणजे स्रोताने व्यवस्थित उत्तर दिलं आणि ते "एकही नोंद नाही" असं आहे. सुट्टीच्या दिवशी ते खरंही असू शकतं. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. ज्या स्रोतातून रोज शेकड्याने नोंदी येतात तिथे रिकामं उत्तर संशयास्पद धरून अहवालात तसं सांगावं. जिथे शून्य नेहमीचंच आहे तिथे शून्य म्हणजे शून्य.

यावरून लक्षात येईल की स्रोताची माहिती आणि स्रोताची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी सोबत न्याव्या लागतात. बहुतेक चुकीच्या अहवालांचं मूळ एका ओळीत सापडतं: माहिती आणणाऱ्या फंक्शनमध्ये कुणीतरी `except Exception: return []` लिहिलेलं असतं. त्या ओळीने "विचारता आलं नाही" याचं "काही नाही" करून टाकलं, आणि पुढच्या कोडला हा फरक पुन्हा कधीच कळणार नाही. त्याऐवजी असं काहीतरी हवं:

```python
def fetch(name, func):
    try:
        return {"name": name, "status": "ok", "data": func()}
    except requests.RequestException as e:
        return {"name": name, "status": "unreachable",
                "data": None, "error": str(e)}
```

इथे मुद्दाम फक्त `requests` च्या चुका पकडल्या आहेत. तुमच्याच कोडमध्ये रकान्याचं नाव चुकलं असेल तर ती "स्रोत बंद" म्हणून खपू नये. तिने स्क्रिप्ट थांबवलीच पाहिजे. `func` च्या आत `raise_for_status()` हवं, नाहीतर ५०३ चं पान हेच उत्तर समजून पुढे जाल. डेटाबेस आणि फाइलसाठी त्यांच्या त्यांच्या चुका तशाच नेमकेपणाने पकडा.

टाइमआउट स्वतः द्या. `requests` स्वतःहून कोणतीही मुदत घालत नाही. पलीकडचा सर्व्हर गप्प बसला तर स्क्रिप्टही त्याच्यासमोर बसून राहते, आणि मग अहवाल अपूर्णही जात नाही, चुकतही नाही, नुसता अडकतो. `timeout=(5, 30)` म्हटलं तर जोडणीला पाच सेकंद आणि वाचनाला तीस मिळतात. मात्र हे तीस सेकंद पूर्ण उत्तरासाठी नसतात. मध्ये काहीच न येता इतका वेळ गेला तर संपर्क तोडायचा, एवढाच त्यांचा अर्थ. थेंबथेंब उत्तर देणारा सर्व्हर यातून सुटतो, म्हणून सगळ्या कामाला मिळून एक शेवटची वेळ वेगळी ठरवा.

सातला पाठवायचं असेल तर साडेसहाला सुरुवात करा. पहिला प्रयत्न फसला तर दोन मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. म्हणजे ६:३०, ६:३२, ६:३७ आणि ६:४७ असे चार प्रयत्न. ६:५० ला दार बंद, आणि जे हाती आहे त्यावर अहवाल. बाकीचे तीन स्रोत या वेळात थांबवून ठेवू नका, त्यांची माहिती आधीच घेऊन ठेवा. सगळ्याच चुकांवर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नसतो. ५०३ किंवा तुटलेली जोडणी थोड्या वेळाने सुधारू शकते, पण ४०१ आला म्हणजे किल्ली बदलली किंवा तिची मुदत संपली. तिथे वीस मिनिटं वाट पाहून काही होणार नाही, ती किल्ली सांभाळणाऱ्या माणसाला लगेच कळवा. ४२९ आला आणि सोबत `Retry-After` असेल तर तो सांगेल तितका वेळ थांबा.

पुढचा टप्पा गणिताचा, आणि इथे साधनंच आपल्याला दगा देतात. SQL मध्ये संख्येतून `NULL` वजा केलं तर उत्तर `NULL` येतं, म्हणजे डेटाबेस प्रामाणिक आहे. पण आपण सवयीने `COALESCE(refunds, 0)` लिहितो आणि तो प्रामाणिकपणा पुसून टाकतो. `COALESCE` मुळात चूक नाही. स्रोत नीट आला असेल आणि एखाद्या दिवसासमोर परताव्याची नोंद नसेल, तर तिथे शून्यच खरं आहे. स्रोत आलाच नसेल तर तेच शून्य खोटं आहे. म्हणून शून्य धरण्याची परवानगी स्रोताच्या स्थितीकडून घ्या:

```sql
CASE WHEN s.status = 'ok'
     THEN COALESCE(r.total, 0)
END AS refunds
```

`ELSE` नसल्यामुळे बाकी सगळ्या वेळी `NULL` मिळतं आणि ते पुढच्या वजाबाकीत, भागाकारात आपोआप पसरतं. बेरजेत मात्र पसरत नाही, कारण `SUM` रिकाम्या जागा गाळून उरलेल्यांची बेरीज देतं. आठवड्याच्या बेरजेत सहाच दिवस धरले गेले हे ते सांगणार नाही. `pandas` मध्ये तर सगळ्याच जागा रिकाम्या असल्या तरी उत्तर शून्य येतं:

```python
s = pd.Series([float("nan"), float("nan")])
s.sum()              # 0.0
s.sum(min_count=1)   # nan
```

`min_count=1` ने फक्त सगळंच रिकामं असलेली वेळ पकडली जाते. आठवड्यासाठी `min_count=7` द्या, म्हणजे एक दिवस जरी कमी असला तरी बेरीज रिकामी येईल. आलेखाचंही असंच. न मिळालेल्या दिवशी रेघ तुटलेली दिसली पाहिजे. ती शून्यावर आपटणंही चूक आणि दोन्ही बाजूंचे बिंदू सरळ जोडून टाकणंही चूक.

कुणीतरी विचारेलच की कालचा आकडा किंवा सरासरी का टाकू नये. उत्तर आकड्याच्या जातीवर आहे. गोदामातला शिल्लक साठा, चलनाचा दर, कर्मचाऱ्यांची यादी या हळू बदलणाऱ्या गोष्टी आहेत. तिथे शेवटची माहीत असलेली किंमत तिच्या तारखेसह दाखवता येते: "शिल्लक ३,२००, ११ तारखेअखेर". तारीख मात्र आकड्याला चिकटून हवी. परतावे ही दिवसभरात घडलेली गोष्ट आहे. कालचे परतावे आजच्या रकान्यात टाकले तर ते दोनदा मोजले जातात, त्यातही एकदा चुकीच्या दिवशी. सरासरीही टाकू नका. पण वाचणाऱ्याला अंदाज देणं उपयोगी असतं, आणि तो इशाऱ्याच्या मजकुरात देता येतो: मागच्या ३० दिवसांत परतावे ७० ते ११० च्या दरम्यान होते. त्यावरून निव्वळ ऑर्डरी १,१३० ते १,१७० असतील एवढं वाचणारा स्वतः काढतो, आणि तो अंदाज आहे हेही त्याला ठाऊक असतं.

आता इशारा. तळाची टीप चालत नाही, कारण अहवाल तळापर्यंत वाचला जात नाही. लोक मोबाइलवर विषय वाचतात, पहिला तक्ता पाहतात, त्याचं चित्र काढून गटात टाकतात. तिथून पुढे तो तक्ता एकटाच प्रवास करतो. म्हणून इशारा तीन जागी हवा: विषयाच्या ओळीत अगदी सुरुवातीला (शेवटचे शब्द मोबाइलवर कापले जातात), मजकुराच्या पहिल्या ओळीत, आणि तक्त्यात त्या आकड्याच्या स्वतःच्या जागी. तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, कारण कापून नेलेल्या चित्रासोबत तीच जाते. तिथे आकड्याऐवजी "परतावे मिळाले नाहीत" असे शब्द लिहा. नुसती रेघ किंवा लाल रंग पुरत नाही. रेघेचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो, आणि रंग काळ्या-पांढऱ्या छपाईत आणि ऐकून वाचणाऱ्यांसाठी नाहीसा होतो.

मजकुराचा नमुना असा:

> विषय: [अपूर्ण] दैनिक अहवाल, १२ तारीख: परतावे मिळाले नाहीत
>
> ४ पैकी ३ स्रोतांची माहिती मिळाली. पेमेंट सेवेशी सकाळी ६:३० ते ६:५० मध्ये चार वेळा प्रयत्न करूनही संपर्क झाला नाही. त्यामुळे १२ तारखेचे परतावे या अहवालात नाहीत.
>
> रिकामे ठेवलेले आकडे: निव्वळ ऑर्डरी, तक्रारींचं प्रमाण, निव्वळ ऑर्डरींची कालशी तुलना. मागच्या ३० दिवसांत परतावे रोज ७० ते ११० होते.
>
> एकूण ऑर्डरी, रवाना झालेला माल आणि तक्रारींची संख्या पूर्ण आहे, नेहमीप्रमाणे वापरावी.
>
> परतावे मिळताच सुधारित अहवाल येईल. सकाळी ११ पर्यंत मिळाले नाहीत तर तसं कळवू.

यात "काही तांत्रिक अडचणीमुळे आकड्यांत तफावत असू शकते" असं कुठेही नाही, आणि ते मुद्दाम. त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही, कारण कोणता आकडा, किती आणि कुठल्या दिशेने, यातलं काहीच त्यात नाही. काय पूर्ण आहे हे सांगणंही तितकंच गरजेचं आहे. ते न सांगितलं तर गोदामाचा माणूस आपला रवाना मालाचा आकडा बरोबर असूनही बाजूला ठेवतो आणि तुम्हाला फोन करतो. एररचा मजकूर, म्हणजे `ConnectionError` वगैरे, अहवालात नको. तो लॉगमध्ये जाऊ द्या.

"४ पैकी ३" ही ओळ रोज असू द्या, सगळं नीट असतानाही: "४ पैकी ४ स्रोतांची माहिती मिळाली". असं केलं नाही तर इशारा नसणं याचे दोन अर्थ होतात. एक, सगळं ठीक आहे. दुसरा, इशारा लिहिणारा कोडच चालला नाही. रोजच्या ओळीने दोन्ही वेगळे ओळखू येतात. उलट एखादा स्रोत आठवड्यातून तीनदा बंद असेल, तर चांगला इशाराही दोन आठवड्यांत डोळ्यांना दिसेनासा होतो. तिथे शब्द सुधारून उपयोग नाही. अहवाल नऊला पाठवा किंवा त्या स्रोताची माहिती रात्रीच आणून ठेवा.

अहवाल माणसं वाचत नसून दुसरी स्क्रिप्ट वाचत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. सीएसव्हीच्या डोक्यावर इशाऱ्याची ओळ टाकलीत तर वाचणारी स्क्रिप्ट तिलाच रकान्यांची नावं समजेल. त्याऐवजी प्रत्येक नोंदीत `status` रकाना द्या आणि फाइलच्या नावात `_partial` घाला, म्हणजे ठरावीक नावाची पूर्ण फाइल शोधणाऱ्या स्क्रिप्टला ती सापडणारच नाही आणि ती थांबेल. रोजचे आकडे एखाद्या कायमच्या तक्त्यात साठत असतील तर अपूर्ण दिवसाची खूण तिथेही हवी. महिन्याच्या अहवालाने ती वाचून "३१ पैकी ३० दिवस पूर्ण" असं सांगितलं पाहिजे. अपूर्ण दिवसाचं खरं नुकसान बहुतेक वेळा त्या सकाळी होत नाही. ते महिनाअखेरीच्या बेरजेत होतं, जेव्हा त्या ईमेलची कुणालाच आठवण नसते.

सुधारित अहवाल पाठवताना नवा ईमेल पूर्ण पाठवा, पण सुरुवातीलाच काय बदललं ते लिहा: निव्वळ ऑर्डरी, आधी रिकाम्या, आता १,१४६. तक्रारींचं प्रमाण, आधी रिकामं, आता २७.१. बाकी आकडे तेच. हे शेवटचं वाक्य तपासूनच लिहा. डेटाबेसमधून दहा वाजता पुन्हा माहिती घेतली तर मधल्या वेळेत रद्द झालेल्या ऑर्डरींमुळे १,२४० चे १,२३७ झालेले असू शकतात. सुधारणा फक्त परताव्यांची व्हावी म्हणून सकाळी घेतलेली तिन्ही स्रोतांची माहिती जपून ठेवा आणि सुधारित अहवाल तिच्यावरच काढा.

स्क्रिप्ट संपताना काय सांगते हेही ठरवा. अपूर्ण अहवाल गेला आणि एक्झिट कोड ० दिला, तर देखरेखीला सगळं हिरवं दिसतं आणि पेमेंट सेवा बंद आहे हे तांत्रिक बाजूला कळतच नाही. १ दिला तर काही शेड्युलर संपूर्ण काम पुन्हा चालवतात आणि सगळ्यांना तोच ईमेल दोनदा जातो. तिसरा कोड ठेवा, समजा ३, आणि त्यावर "पुन्हा चालवू नका, पण कळवा" असा नियम लावा. साधा क्रॉन एक्झिट कोडकडे पाहत नाही, तिथे सूचना स्क्रिप्टनेच पाठवायला हवी. दोन्ही बाबतीत अहवालाची तारीख आणि आवृत्ती पाठवण्याआधी नोंदवा. ती आधीच नोंदलेली असेल तर पुन्हा पाठवू नका.

आता कुठे पाठवूच नये ते. एक, मुख्य स्रोतच बंद असेल. तुमच्याकडे तो ऑर्डरींचा डेटाबेस. तो नसेल तर उरतं ते एका ओळीचं पत्र: आज अहवाल नाही, कारण हे, पुढची वेळ ही. रिकाम्या तक्त्यांचा अहवाल पाठवू नका, आणि गप्पही राहू नका. दोन, अहवालावरून आपोआप काही घडत असेल, जसं की पैसे वळते होणं किंवा मालाची मागणी नोंदवली जाणं. तिथे इशारा वाचायला कुणी नाही, म्हणून थांबणंच बरोबर. तीन, बाहेरच्या यंत्रणेला सादर करायचा अहवाल असेल. तिथे अपूर्ण पाठवता येतो का हे तिचे नियम ठरवतात.

एक शेजारचा प्रकारही सांगतो, कारण उद्या दुसरं गोदाम जोडलं की तो तुमच्याकडे येईल. चार गोदामांपैकी एकाची फाइल आली नाही, तर उरलेल्या तिघांची बेरीज खरी असते, पण ती "एकूण" नसते. ती ओळ "एकूण" या नावाने छापू नका, "४ पैकी ३ गोदामांची बेरीज" असं लिहा. तुलना करायची तर कालच्याही त्याच तीन गोदामांशी करा. कालच्या चारांशी तुलना केली तर घसरण दिसते आणि सकाळभर तिचं कारण शोधलं जातं.

हे सगळं लिहून झाल्यावर चाचणी घ्या, आणि ती खरा स्रोत बंद पडायची वाट न पाहता. चाचणीच्या मांडणीत एकेका स्रोताचा पत्ता मुद्दाम चुकीचा करा आणि काय निघतं ते पाहा: तीन वेळा अपूर्ण अहवाल, आणि डेटाबेसच्या वेळी एका ओळीचं पत्र. `.invalid` ने संपणारं नाव दिलंत तर ते कुठेच सापडणार नाही, ते नाव त्याच कामासाठी राखलेलं आहे. प्रत्येक अहवाल कागदावरच्या यादीशेजारी ठेवून पाहा: रिकामे व्हायला हवेत तेवढेच आकडे रिकामे आहेत का, आणि कुठे शून्य तर उगवलं नाही ना. मग पाचवी चाचणी, कालच्या तारखेची सीएसव्ही देऊन. बहुतेक मांडण्या पहिल्या चारांत पास होतात आणि या पाचवीत अडकतात.